एककांना हात न लावता एका आलेखाचा मराठी अनुवाद

विद्युत-रसायनशास्त्राची मराठी टिपणे तयार करताना मला एका शोधनिबंधातील आकृती हवी होती, फक्त तिच्यावरचा मजकूर मराठीत असायला हवा होता. पाण्याच्या अपघटनात ऑक्सिजन तयार होण्याच्या अभिक्रियेला एक उत्प्रेरक कितपत साहाय्य करतो, हे दाखवणारा तो आलेख होता. आडव्या अक्षावर `E / V vs. RHE`, उभ्या अक्षावर `j / mA cm⁻²`, कोपऱ्यात टाफेल उताराची लहान आकृती आणि खाली चार ओळींचा मथळा, एवढाच त्यातला मजकूर. निबंध मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेला होता, त्यामुळे मूळ स्रोत आणि केलेले बदल नमूद करून अनुवाद करण्यास अडचण नव्हती. तासाभराचे काम समजून मी ते हाती घेतले आणि त्यात तीन संध्याकाळी गेल्या.

सुरुवातीलाच एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. मथळा पुन्हा टंकित करण्याचा त्रास नको, म्हणून मी तो पीडीएफमधून कॉपी केला आणि त्यावरूनच अनुवाद करू लागलो. इलेक्ट्रोडवर पसरलेल्या उत्प्रेरकाचे प्रमाण त्यात `200 mg cm⁻²` असे आले होते. इलेक्ट्रोड म्हणजे ५ मिलिमीटर व्यासाची चकती, जिचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९६ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एवढ्याशा चकतीवर जवळजवळ ३९ मिलिग्रॅम पूड बसवली, असा त्याचा अर्थ होत होता. पातळ थर देण्याची ही पद्धत ज्याने एकदा तरी पाहिली आहे, त्याला हा आकडा खटकल्याशिवाय राहणार नाही. मी तेच पान चारशे टक्के मोठे करून पाहिले, तेव्हा तिथे स्पष्टपणे `200 µg cm⁻²` छापलेले दिसले. डोळ्यांना दिसणारे अक्षर एक आणि कॉपी होऊन आलेले अक्षर दुसरे, असा हा प्रकार होता.

याचे कारण फॉन्टमध्ये आहे. ग्रीक अक्षरांसाठी पूर्वीपासून वापरात असलेल्या सिम्बॉल नावाच्या फॉन्टमध्ये म्यू हे अक्षर m च्या जागी, ओमेगा W च्या जागी, ईटा h च्या जागी आणि थीटा q च्या जागी बसवलेले आहे. पडद्यावर आणि कागदावर चिन्ह बरोबर उमटते. पण पीडीएफमध्ये त्याची योग्य नोंद नसेल, तर मजकूर कॉपी करताना खालचे रोमन अक्षर तेवढे हाती लागते. त्याच मथळ्यातील द्रावणाचा `12 Ω` हा रोध माझ्या मजकुरात `12 W` झाला होता, म्हणजे ओहमचे वॅट झाले होते, आणि अधिविभवाचे η हे चिन्ह तासांच्या h सारखे दिसत होते. मायक्रोचा मिली होणे मला यांतले सर्वांत घातक वाटते, कारण वॅट पाहून वाचक निदान थबकतो, पण मिलिग्रॅम पाहून कोणी थबकत नाही. म्हणून कॉपी केलेला मजकूर मी बाजूला ठेवला आणि मोठ्या केलेल्या चित्रावरून प्रत्येक संख्या, चिन्ह आणि घातांक हाताने लिहून घेतला. घातांकांकडे विशेष लक्ष द्यावे लागले, कारण चित्र अस्पष्ट असेल तर cm⁻² मधील उणे चिन्ह सहज नाहीसे होते आणि उरते ते cm², म्हणजे भागाकाराच्या जागी गुणाकार.

त्यानंतर अनुवाद नेमका कशाचा करायचा, हे ठरवायचे होते. मी राशीचे नाव तेवढे मराठीत घेतले आणि एककाचे चिन्ह जसेच्या तसे ठेवले. एसआय पद्धतीत एककांची चिन्हे ही शब्दांची संक्षिप्त रूपे मानली जात नाहीत, ती गणिती चिन्हे मानली जातात आणि भाषा बदलली तरी बदलत नाहीत. आरंभी मी उभ्या अक्षावर ‘मि.ॲ. प्रति चौ. सें.मी.’ असे लिहून पाहिले. पण ते अर्ध्या अक्षावर पसरले, आणि विद्यार्थ्याने पुढे मूळ निबंध उघडला असता तर दोन्ही एकच आहेत हे त्याला ओळखूही आले नसते. अक्षावरील तिरकी रेघही तशीच राहिली. `j / mA cm⁻²` मधील रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा होत नाही. राशीला एककाने भागले की अक्षावरच्या नुसत्या संख्या उरतात, असे ती सांगते. मराठीत ते ‘विद्युतप्रवाह घनता, j / mA cm⁻²’ असे झाले, आणि अक्षांवरील आकडे मूळ अंकांतच ठेवले.

आडव्या अक्षाने मला अधिक वेळ थांबवले. तिथल्या `vs.` साठी मी आधी ‘विरुद्ध’ हा शब्द योजला होता, कारण दोन राशींचा आलेख काढताना आपण तसे म्हणतो. इथे मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे: विभव कोणत्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजले, ते त्यातून कळते. म्हणून ‘विभव (RHE सापेक्ष), E / V’ असे लिहिले आणि RHE म्हणजे प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोड, हे मथळ्यात एकदा सांगितले. जागा वाचवण्यासाठी हा भाग गाळण्याचा मोह झाला होता. परंतु प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोड आणि हा इलेक्ट्रोड यांच्यातील फरक २५ अंश सेल्सिअसला प्रत्येक पीएच एककामागे सुमारे ०.०५९ व्होल्ट असतो. प्रयोगातील अल्कली द्रावणाचा पीएच सुमारे १४ होता, म्हणजे ती तीन अक्षरे गाळली असती तर वाचकाचा अंदाज जवळपास ०.८३ व्होल्टने चुकू शकला असता.

लहान आकृतीतील `mV dec⁻¹` चा प्रश्न शब्दाचा होता. यातील dec म्हणजे विद्युतप्रवाह घनतेत होणारी दसपट वाढ. ‘दशक’ लिहिले की मराठी वाचकाला दहा वर्षे आठवतात, म्हणून एकक तसेच ठेवून मथळ्यात ‘विद्युतप्रवाह घनता दसपट होण्यासाठी लागणारी विभवातील वाढ, मिलिव्होल्टमध्ये’ असे स्पष्टीकरण जोडले. उत्प्रेरक, विभव, घनता हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत रुळलेले असल्याने ते घेताना मुळीच संकोच वाटला नाही. इलेक्ट्रोड मात्र इलेक्ट्रोडच राहू दिला, कारण प्रयोगशाळेत सगळे तेच म्हणतात.

चित्रात मजकूर बसवण्याचे काम इंकस्केपमध्ये केले. जुना मजकूर काढून त्या जागी मराठी मजकूर ठेवला, उभ्या अक्षावरचा नव्वद अंशांत फिरवला आणि जोडाक्षरे तुटलेली नाहीत ना, हे शंभर टक्के आकारात छापून पाहिले. ‘विद्युत’मधला द्य सुटा पडला, की फॉन्ट बदलायचा हे ओळखावे.

शेवटी मी मूळ निबंध न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला फक्त मराठी आकृती दिली आणि १० mA cm⁻² या घनतेला अधिविभव किती, ते काढायला सांगितले. त्यांनी पट्टी लावून वक्रावर १.५३ व्होल्ट वाचले, त्यातून या अभिक्रियेचे १.२३ व्होल्ट हे समतोल विभव वजा केले आणि कागदाच्या कडेला ३०० मिलिव्होल्ट असे लिहिले. मूळ मथळ्यातही तोच आकडा होता.