ताळा जुळला, उत्तर चुकलं

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी आठवीच्या मुलांना गणित शिकवतो. मुलं बहुतेक मराठी घरांतली, पण शाळा गुजराती माध्यमाची. त्यामुळे वहीत लसावि कधी मराठीत असतो, कधी 'ल.सा.अ.' असा गुजरातीत. परवा एका मुलाने वही पुढे केली. "सर, पुस्तकातलं उत्तर चुकलंय. माझा ताळा जुळतोय."

समीकरण असं होतं:

(x + 3)/2 − (x − 1)/3 = 3

पुस्तकात उत्तर 7, त्याचं 11. ताळा खरोखरच जुळत होता, म्हणून मी त्याची प्रत्येक ओळ वाचली. छेद 2 आणि 3, लसावि 6. सगळ्या पदांना 6 ने गुणल्यावर 3(x + 3) − 2(x − 1) = 18. इथपर्यंत बरोबर. पुढच्या ओळीत कंस सोडवताना त्याने लिहिलं होतं:

3x + 9 − 2x − 2 = 18

म्हणजे x + 7 = 18, म्हणून x = 11. अपूर्णांकाच्या आधीचं वजाचिन्ह त्याने फक्त x ला लावलं. −2 गुणिले −1 म्हणजे +2 व्हायला हवं होतं. अपूर्णांक लिहिलेला असतो तेव्हा आडवी रेघच कंसाचं काम करते. छेद गेला की रेघही जाते आणि वजाचिन्ह अख्ख्या अंशाचं आहे हे नजरेतून निसटतं. या मुलाने तर कंस घातलाही होता, तरी सोडवताना चूक झालीच.

मग ताळा कसा जुळला? त्याने 11 ही किंमत याच चुकलेल्या ओळीत घातली होती: 33 + 9 − 22 − 2 = 18. जुळणारच. ती किंमत त्या ओळीतूनच निघाली आहे. अशा ताळ्याने एवढंच कळतं की त्या ओळीनंतर काही चुकलं नाही. त्याआधी काय झालं ते त्यात दिसतच नाही.

मी त्याला पुस्तक उघडायला लावलं. वहीतली पहिली ओळ नको, कारण उतरवून घेतानाही चूक होते. छापलेलं समीकरण बघ, 11 घाल, आणि या वेळी 6 ने गुणायचं नाही. गुणलंस की तोच कंस पुन्हा येईल आणि हात तीच चूक पुन्हा करेल. आधी प्रत्येक अंशाची संख्या कर, मग भाग दे:

डावी बाजू = 14/2 − 10/3 = 7 − 10/3 = 11/3

उजवी बाजू = 3

बरोबरीच्या चिन्हापलीकडे काहीही न्यायचं नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढून शेवटी शेजारी ठेवायच्या. 10/3 चे 3.33 सुद्धा करू नयेत. दशांशात 'जवळपास जुळलं' म्हणायची सोय होते, आणि ताळ्यात जवळपासला जागा नाही.

ताळा जुळत नाही म्हटलं की मुलं सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. मला ते पटत नाही, कारण न जुळलेला ताळा पुष्कळ सांगतो. इथे फरक 11/3 − 3 = 2/3 आला. त्याला लसाविने, म्हणजे 6 ने गुणलं की 4. छेद काढलेल्या ओळीत 4 चा घोळ आहे. +2 च्या जागी −2 लिहिलं तर नेमका 4 चाच फरक पडतो. मुलाने ती ओळ बोटाने दाखवली आणि नुसतं चिन्ह बदललं: x + 11 = 18, x = 7. मूळ समीकरणात 10/2 − 6/3 = 5 − 2 = 3.

अर्थात प्रत्येक चूक फरकावरून अशी सरळ ओळखू येत नाही. x चा सहगुणक चुकला असेल तर फरकात मिळालेली किंमतही मिसळते, तेव्हा ओळी तपासाव्याच लागतात.

त्याच वेळी एका मुलीचं उत्तर −8 आलं होतं. तिचे कंस बरोबर होते. मूळ समीकरणात −8 घातल्यावर अंश −5 आणि −9 झाले:

−5/2 − (−9/3) = −5/2 + 3 = 1/2

उजवीकडे 3 हवेत आणि आला 1/2, म्हणजे बरोबर सहावा हिस्सा. तिने डावीकडची दोन्ही पदं 6 ने गुणली होती, पण उजवीकडच्या 3 ला छेद दिसत नाही म्हणून तो तसाच ठेवला होता. मी काही सांगायच्या आत तिनेच 3 खोडून 18 लिहिले.