हळदीचा पिवळा, लिंबाचा पिवळा

रविवार, ठाणे

आज भाचीसोबत जांभळी नाक्यावर रोजच्या कुर्त्यांचं कापड घ्यायला गेले. तिचा वर्ण अगदी काळा, त्यात तांबूस झाक. दुकानदाराने लगेच मोतिया आणि फिकट बदामी काढले. "ताई, गडद रंगात चेहरा आणखी काळा दिसेल." हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं, कारण ते खरंही नाही. तिच्यावर वाईट दिसतात ते मातकट रंग: खाकी, राखाडी-तपकिरी, मेंदीचा मळका हिरवा. ते त्वचेच्या रंगाच्या फार जवळ जातात, कापड आणि चेहरा एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही थकलेले दिसतात. काळ्या वर्णाला शुद्ध, भरलेला रंग हवा.

तिला पिवळा हवा होता. पिवळ्यातच माणसं सर्वांत जास्त फसतात, म्हणून तिथे वेळ घालवला. दोन ताके दाराशी नेले. दुकानातल्या एलईडीखाली दोन्ही सारखेच वाटत होते, उजेडात मात्र एक लिंबाचा निघाला आणि दुसरा हळदीचा. लिंबाचा हनुवटीखाली धरला, तेव्हा जबड्याच्या कडेला हिरवट चमक आली. काळी त्वचा स्वतः कमी उजेड परत देते, त्यामुळे तिच्यावरच्या चकाकीत शेजारच्या कापडाचा रंग चटकन दिसतो. निऑन रंगांतही नेमकं हेच होतं. हळदीचा धरल्यावर तीच चकाकी सोनेरी झाली, गालाचा तांबूसपणा वर आला. नजर कापडावर न ठेवता ओठांच्या कडा आणि डोळ्यांखालची जागा बघायची. रंग योग्य असेल तर ती जागा राखाडी पडत नाही.

मग कापडाची कापलेली कड उसवून पाहिली. उभा धागा पिवळा, आडवा पांढरा! असं कापड ताक्यावर छान दिसतं, पण अंगावर दुधाळ होतं. दोन्ही धागे हळदीचे असलेलं मर्सराइज्ड सुती कापड शेवटी मिळालं, त्याचं अडीच मीटर घेतलं. मर्सराइज्ड सूत रंग जास्त पितं आणि थोडी चमकही ठेवतं.

दुसऱ्या कुर्त्यासाठी राणी. निळसर झाक असलेल्या काळ्या वर्णावर राणी आणि कोबाल्ट निळा पिवळ्यापेक्षाही खुलतात, पण तिच्या तांबूस वर्णावर राणीही मस्त उठून दिसला. मोरपंखीही तसाच. बाटली हिरवा मात्र गळ्याशी नको म्हटलं. तो इतका गडद की चेहऱ्याशी फरकच उरत नाही, त्याची सलवार चालेल.

राणीचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतो. तो थंड पाण्यात वेगळा धुवायचा आणि उलटा करून सावलीत वाळवायचा. गच्चीच्या उन्हात खांद्यांवर आधी विटतो, आणि विटलेला राणी तिच्यावर पुन्हा त्या मातकट रंगांसारखाच दिसेल.