चौथं प्रकरण

गेल्या महिन्यात आलेला एक अर्ज अजून डोक्यातून जात नाही. आमची नागपूरची प्रयोगशाळा पाण्यातलं फ्लोराइड काढण्यावर काम करते. प्रमुख मी असल्याने पोस्टडॉकसाठीचे मेल माझ्याकडेच येतात. बहुतेकांची सुरुवात 'आदरणीय सर' अशी असते, म्हणजे कुणाला लिहितोय हेसुद्धा पाहिलेलं नसतं. असे मेल मी अर्ध्या मिनिटात बंद करते.

हाही त्यातलाच वाटला. प्रबंधाचं नाव दोन ओळींचं, शोधनिबंध सात, आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं की तिने बनवलेला ॲल्युमिनाचा पदार्थ ग्रॅममागे 60 मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो. शेवटी 'आपल्या प्रकल्पांशी माझं काम जुळतं'. कोणत्या प्रकल्पाशी, कसं, याबद्दल अक्षर नाही.

त्या 60 वर मी अडले. असे आकडे कसे येतात ते मला माहीत आहे. डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, त्यात लिटरमागे पन्नास-शंभर मिलिग्रॅम फ्लोराइड घालायचं, ॲल्युमिनाला मानवेल असा साडेपाच-सहाच्या आसपास सामू ठेवायचा आणि आलेखावरून कमाल क्षमता काढायची. यात खोटं काही नाही. पण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या आमच्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड तीन-साडेतीन मिलिग्रॅम, सामू आठच्या जवळ आणि बायकार्बोनेट भरपूर. मला त्या पाण्यातला आकडा हवा असतो.

मी एकच ओळ लिहिली, 'हा आकडा कोणत्या पाण्यातला?'

रात्री अकराला उत्तर आलं, आणि ते वाचून मी उठून बसले. 60 डिस्टिल्ड वॉटरमधला आहे, तिने लिहिलं होतं. हातपंपाच्या पाण्यात तोच पदार्थ ग्रॅमला 3 मिलिग्रॅमच धरतो. हे प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. पण अर्जात ते घालू नकोस, कमी आकडा बघून कुणी उभं करणार नाही, असं तिच्या गाईडनी सांगितलं होतं.

या दोन आकड्यांत काय अंतर आहे ते घरगुती फिल्टर धरून सांगते. पाण्यात लिटरला 3.4 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ते 1 वर आणायचंय, म्हणजे लिटरमागे 2.4 काढायचं. फिल्टरमध्ये एक किलो पदार्थ. 60 खरं मानलं तर तो 25,000 लिटर पाणी शुद्ध करील. पिण्या-स्वयंपाकाला रोज 20 लिटर धरले तर जवळपास साडेतीन वर्षं. 3 धरलं तर 1,250 लिटर, म्हणजे दोन महिने. आमचे गावातले ॲल्युमिनाचे फिल्टर दोन-अडीच महिन्यांतच संपत होते आणि पदार्थ नीट भरला नाही म्हणून आम्ही भरणाऱ्यांना दोष देत होतो.

तिने मात्र क्षमता घसरल्याची नोंद करून प्रकरण मिटवलं नव्हतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकेक क्षार वेगवेगळा घालून पाहिला होता. क्लोराइड आणि सल्फेटने फारसा फरक पडला नाही, बायकार्बोनेटने क्षमता कोसळली. मग तिने बायकार्बोनेट अजिबात न घालता थेंबथेंब अल्कली घालत सामू तेवढाच वर नेऊन धरून ठेवला, तेव्हाही क्षमता जवळपास तितकीच कोसळली. म्हणजे ॲल्युमिनावरच्या जागेसाठी बायकार्बोनेटची थेट झोंबाझोंबी कमी. ते सामू वर नेतं आणि तिथे हायड्रॉक्साइड फ्लोराइडची जागा बळकावतं. हा फरक वेगळा काढायला चिकाटी लागते. माझ्या स्वतःच्या गटात तो कुणी काढला नव्हता, मीही नाही.

सकाळी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याला हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, गाईडचं काय चुकलं? निवड समितीसमोर 3 चा आकडा टिकला असता का?" मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. मी स्वतः अशा समित्यांवर बसले आहे आणि मोठ्या आकड्यांना गुण दिले आहेत. त्या मुलीचा आमच्या कामाशी जुळणारा एकमेव भाग तिने आमच्याच भीतीने बाजूला काढून ठेवला होता. मी ती एक ओळ लिहिली नसती तर मेल बंद झाला असता. त्याआधी असे किती बंद केले, हे आता मोजता येत नाही.

मी तिला पाच हातपंपांचे पाणी-तपासणी अहवाल पाठवले आणि लिहिलं, यावरून आमच्या फिल्टरसाठी काय करशील ते एका पानात कळव. दुसऱ्या दिवशी पानाऐवजी प्रश्न आला, 'मॅडम, सामू आठच्या जवळ असेल तर सिलिकाही ॲल्युमिनावर बसते. अहवालात सिलिकाचा रकाना दिसत नाही, आकडे मिळतील का?'

रकाना नव्हताच. आम्ही सिलिका कधी मोजलीच नव्हती. तिला तसं कळवलं, आणि नमुने पुन्हा आणायला गाडी पाठवली.