दाराच्या चौकटीवरची पट्टी

दुकान लुटलं गेल्याचं आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "किती नेलं?" 38 डॉलर म्हटल्यावर ती चक्क हसली. मला मात्र अजून दाराची घंटी वाजली की पोटात गोळा येतो.

फ्लोरिडात पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात मी रात्रपाळी करते. (दिवसा मुलांकडे बघता येतं, नाइलाज वगैरे काही नाही.) 38च का, तर रात्री 11 ते पहाटे 5 उघड्या राहणाऱ्या अशा दुकानाच्या दारावर 'गल्ल्यात 50 डॉलर किंवा कमी' अशी पाटी लावणं इथे कायद्याने सक्तीचं आहे. वीसची नोट आली की मी ती काउंटरखालच्या तिजोरीच्या फटीतून आत सरकवते. किल्ली माझ्याकडे नसते, आणि ते चोराला बाहेरूनच कळलेलं बरं.

चौकटीवरची उंचीची पट्टीही त्याच कायद्यातली. मी पोलिसांना छातीठोकपणे सांगितलं, चांगला सहा फुटी होता. कॅमेऱ्यात पाहिलं तर बाहेर पडताना त्याची टोपी पाच फूट सातच्या रेघेला लागलेली! बंदुकीसमोर उभं असताना समोरचा माणूस वाढतो. पट्टी वाढत नाही.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, हात हलवण्याआधी सांगायचं. म्हणून म्हटलं, "आता ड्रॉवर उघडते." मागे कूलर भरणारा मुलगा होता, तेही सांगून टाकलं, नाहीतर तो अचानक बाहेर आला असता आणि चोर दचकला असता. मग दाराला कडी, 911, आणि काउंटरला हात लावायचा नाही.

लूट झाली की कायदा आणखी मागतो: रात्री दोन माणसं, किंवा गोळीरोधक आडोसा, किंवा पहारेकरी, नाहीतर दार लावून खिडकीतून विक्री. मालकांनी खिडकी निवडली. चार दिवसांत सगळं झालं. कौतुकच आहे, आपल्याकडे सोनाराच्या दारात बंदूकवाला वॉचमन बसवला की विषय संपतो.

पण माझं काय? हात मोडला असता तर भरपाई होती. नुसतं घाबरणं ही इथल्या कामगार भरपाईच्या कायद्यात इजाच नाही. झोप उडाली तर ती माझी मी बघायची. मालकांनी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "आज येतेयस ना?" आमच्या पेठेत असं झालं असतं तर शेजारचा दुकानदार चहा घेऊन आला असता आणि तासभर हलला नसता. कायदा नाही, पण चहा आहे.

मालक किंवा घरची माणसं रात्री बसत असतील तर दुकान या कायद्यात मोडतच नाही. ओळखीचे एक काका-काकू असेच बसतात. पाटी नाही, काचभर बिअरची पोस्टरं, बाहेरून गल्ला दिसत नाही. परवा जाऊन मी निम्मी पोस्टरं काढली आणि दाराला पट्टी चिकटवली. काकू म्हणाल्या, "बरं झालं गं, नातवंडं आली की उंची मोजता येईल."