रांजणखळग्यांच्या सहलीचं पत्र

डिसेंबरातल्या शाळा समितीच्या बैठकीत सहलीचा विषय शेवटून दुसरा होता. त्याच्या आधी स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीवर तासभर चर्चा झाली, त्यामुळे माझं पत्र समोर आलं तेव्हा निम्म्या सभासदांचा चहा गार झाला होता आणि उरलेल्यांचा उत्साह. आमची शाळा पुण्यातली, मी नववीला भूगोल शिकवते. एकोणचाळीस मुलांचा वर्ग एका दिवसासाठी निघोजला न्यायचा, एवढाच विषय. आमच्याकडे सहलीचं पत्र म्हणजे चार ओळी असतात. ठिकाण, तारीख, वर्गणी आणि ‘सर्वतोपरी काळजी घेतली जाईल’. माझं पत्र साडेतीन पानांचं होतं. सचिवांनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, प्रबंध लिहिलाय का?”

निघोज पारनेर तालुक्यात, पुण्यापासून नव्वदेक किलोमीटरवर. तिथे कुकडी नदीच्या पात्रात उघड्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे, म्हणजे खडकात कोरले गेलेले रांजणासारखे खोल खड्डे आहेत. नववीच्या भूगोलात ‘बाह्यप्रक्रिया’चे दोन पाठ आहेत, त्यात नदीच्या कार्यात हे भूरूप येतं. मुलं व्याख्या पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात. मात्र पाण्याने दगडाला भोक कसं पडतं, असं विचारलं की वर्ग शांत.

समितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. “फोटो पुस्तकात आहे. मग तिथे जाऊन वेगळं काय?”

उद्दिष्टांचा परिच्छेद मी याच प्रश्नासाठी लिहिला होता. ‘निसर्गाची ओळख व्हावी’ असलं काही त्यात नव्हतं. मूल तिथे हाताने काय करेल आणि परत येताना त्याच्या वहीत काय असेल, ते होतं. मी तो भाग वाचून दाखवला: “प्रत्येक गट तीन कोरडे खळगे निवडेल. तोंडाची रुंदी टेपने आणि खोली ओळंब्याने मोजेल. तळातले गोटे पाहून, खळगा अजून खोल होतो आहे की त्याचं काम थांबलं आहे, हे कारणासह लिहील.”

शेवटच्या वाक्याचा अर्थ त्यांनी विचारला. खळगा पाणी एकट्याने पाडत नाही. पात्रातल्या एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी भोवरा होतो, त्यात गोटे अडकतात आणि ते गरगरत खडक कातत जातात. पुस्तकात याला अपघर्षण म्हटलंय. गोटे स्वतःही झिजतात, म्हणून तळाशी गुळगुळीत, गोलसर गोटे सापडले तर दर पावसाळ्यात तिथे काम चालू असतं, असं धरता येतं. तळ मातीने भरून त्यावर गवत उगवलं असेल तर नदीचं पाणी आता तिथवर जोराने पोचत नाही. शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावत एकमेकांना भिडतात, मधली भिंत पडते आणि घळ तयार होते. असे जोडखळगे निघोजला पावलोपावली दिसतात. पूर्वपाहणीला मी आणि आमचे विज्ञानाचे सर गेलो होतो, तेव्हा एका कोरड्या खळग्यात काठी घालून आम्ही ती आडवी फिरवली. तोंडापाशी ती दोन्हीकडे टेकत होती, आत मात्र चांगली वीतभर मोकळी फिरली. खळग्याचं तोंड लहान आणि पोट मोठं. फोटोत फक्त तोंड दिसतं.

“बरं,” निवृत्त सर म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. शिक्षकांना ही खूण कळते.

इथे एक सांगायला हवं. मुख्याध्यापिका बाईंनी मसुद्यात ‘आशियातील सर्वांत मोठे रांजणखळगे’ अशी ओळ घालायला सांगितली होती, प्रस्तावाला वजन येतं म्हणून. तसं सगळीकडे छापलेलं असतं हे खरं, पण मोजमापाची सहल मागणाऱ्या पत्रात कुणी न मोजलेली गोष्ट कशी लिहायची? मी ती ओळ घेतली नाही, आणि बाईंनीही पुन्हा विषय काढला नाही.

मग सुरक्षितता. सचिवांच्या फायलीत वर्तमानपत्राची जुनी कात्रणं आहेत. २०१६च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाणी असलेल्या कुठल्याही ठिकाणाचं नाव निघालं की ते आधी ती फाईल उघडतात. त्यात चूक काही नाही. उलट, माझ्या पत्रातला सर्वांत मोठा परिच्छेद त्यांच्याचसाठी होता.

रांजणखळग्यातला धोका साध्या डोहासारखा नसतो. काठ घासून गुळगुळीत झालेला, आत भिंत पोटाकडे वळलेली. भरलेल्या खळग्यात पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर यायला धरायला काही सापडत नाही. म्हणून ‘पोहता न येणाऱ्यांनी पाण्याजवळ जाऊ नये’ ही नेहमीची सूचना इथे निरुपयोगी. पत्रात मी लिहिलं होतं की मुलं फक्त कोरड्या पट्ट्यात काम करतील. त्याची हद्द आम्ही आधी जाऊन दोरीने आखू आणि दोरीपलीकडे शिक्षकही जाणार नाहीत. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुलींच्या गटाबरोबर शिक्षिका, सगळ्यांच्या पायात पकड असलेले बूट, मोबाइल शिक्षकांकडे. गावातले दोन पट्टीचे पोहणारे मोबदला देऊन दिवसभर काठावर, त्यांच्याजवळ फेकायचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब. काही झालंच तर १०८ ला फोन आणि शिरूरचं सरकारी रुग्णालय.

पुढचं वाक्य मी अधोरेखित केलं होतं: “कुकडी प्रकल्पाच्या धरणातून नदीत आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सोडलेलं असेल किंवा पाणी पूर्वपाहणीच्या दिवशी केलेल्या खुणेच्या वर असेल, तर सहल रद्द होईल. हा निर्णय सहलप्रमुख घेईल आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागणार नाही.”

इथवर गप्प बसलेले पालक प्रतिनिधी पुढे सरकले. ते मूळचे जुन्नरकडचे, शेती अजून गावाकडे. म्हणाले, “मॅडम, आवर्तनाची चौकशी कुठे करणार?” मी म्हणाले, नारायणगावच्या पाटबंधारे कार्यालयात, आदल्या दिवशी. “ते झालं येडगाव धरणाचं,” ते म्हणाले, “पण मधले बंधारे? हिवाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांना पाणी अडवायला ढापे, म्हणजे काढता येणाऱ्या फळ्या, टाकलेले असतात. बंधारा भरला की वरून वाहतो, कधी खालच्या गावासाठी दोन-चार ढापे काढतात. धरणातून थेंब सुटला नसला तरी नदी वाढते. त्याची नोंद तुम्हाला फोनवर कोण देणार?”

खोलीत पहिल्यांदाच सगळे जागे झाले. पूर्वपाहणीच्या वेळी देवळाजवळच्या दुकानदाराने आम्हाला सांगितलं होतं की पाणी कधीकधी रात्रीत चढतं. मी ते आवर्तनाचंच समजले होते, आणि खुणेची अट त्यावरूनच आली होती. पण खूण सकाळी पोचल्यावर दिसणार, तोवर गाडी नव्वद किलोमीटर आलेली असणार. शिवाय मुलं पात्रात असताना पाणी वाढायला लागलं तर? प्रतिनिधींनीच दोन गोष्टी सुचवल्या. पोहणाऱ्यांपैकी एकाने आदल्या संध्याकाळी आणि पहाटे गाडी निघण्याआधी पाणी बघून फोन करायचा. आणि सहलीच्या दिवशी एका माणसाने दुसरं काहीही न करता खुणेकडे लक्ष ठेवायचं. पाणी बोटभर चढलं की शिट्टी, आणि शिट्टी झाली की वही-टेप आहे तिथे टाकून सगळे काठावर. आमचा शिपाई बरोबर येणारच होता, ते काम त्याच्याकडे दिलं. दोन्ही वाक्यं मी तिथेच समासात लिहिली आणि सचिवांनी त्यांच्यापुढे आद्याक्षरं केली.

अध्यक्षांनी मध्येच रांजणगावच्या गणपतीचा विषय काढला. “वाटेवरच आहे, दर्शन करून घ्या.” वाटेवर आहे हे खरं. पण मी वेळापत्रक दाखवलं. साडेसहाला निघणं, शिरूरच्या स्थानकावर थांबा (मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय बघून ठरवलेला), पावणेदहा ते एक नदी, मग डबे, दोनला परतीची गाडी, साडेपाचला शाळा. एकोणचाळीस मुलं देवळात उतरवून पुन्हा मोजून गाडीत चढवायची म्हणजे तास-दीड तास जातो, आणि हिवाळ्यात तेवढ्यात अंधार पडतो. अध्यक्षांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी हात जोडले आणि विषय तिथे संपला.

खजिनदारांनी खर्चाचं पान उलटं-सुलटं करून वाचलं. एसटीचा प्रासंगिक करार, शालेय सहलीची निम्म्या भाड्याची सवलत धरून डेपोने लिहून दिलेली रक्कम १०,४५० रुपये. गाडी डेपोतून निघते तिथपासून किलोमीटर मोजतात, हे पुष्कळ शिक्षक विसरतात आणि मग ऐनवेळी हजार-दीड हजार कमी पडतात. सगळ्यांचा नाश्ता १,७६०, पोहणाऱ्यांचा मोबदला १,०००, दोर, टेप आणि प्रथमोपचार पेटीतली भर ७९०, कार्यपत्रिकांची छपाई ४००. झाले १४,४००. वर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे १५,८४०.

“याला एकोणचाळीसने भागलं तर चारशे सहा येतात,” खजिनदार म्हणाले, “तुम्ही चारशे चाळीस का लिहिलेत?”

कारण वर्गातल्या तीन घरांना ही रक्कम जड जाईल, हे मला माहीत होतं. त्यांना बाजूला बोलावून माफी द्यायची तर वर्गात कळतंच. म्हणून मी छत्तीसने भागलं होतं आणि तसं पत्रात उघड लिहिलं होतं, नावं न देता. खजिनदारांना ते रुचलं नाही. एका पालकाच्या खिशातून दुसऱ्याची वर्गणी काढायची आणि ती वर्गणीत लपवायची, हा हिशेब त्यांना अंगावर येणारा वाटला. मी म्हणाले, लपवलेली नाही, लिहिलेली आहे. थोडी जुंपली. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. तिघांचे बाराशे अठरा रुपये संस्थेच्या गरजू विद्यार्थी निधीतून, वर्गणी सरसकट चारशे सहा, आणि दहा टक्क्यांतलं जे उरेल ते पावतीसह परत. माझ्या हिशेबापेक्षा हा बरा, हे मान्य करायला हवं.

ठराव मंजूर झाला. संमतीपत्रांच्या नमुन्यात पाण्याची अट आणि ‘सहल ऐनवेळी रद्द होऊ शकते’ हे ठळक छापायचं, एवढी पुस्ती सचिवांनी जोडली. मुलांची यादी, शिक्षकांची यादी, संमतीपत्रं आणि ठरावाची प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात जायची, ते काम पुढच्या आठवड्यावर गेलं. पत्रावर शिक्का पडेपर्यंत सहा वाजले होते. मी त्याची झेरॉक्स काढली आणि तशीच रिक्षाने डेपोत गेले, कारण जानेवारीतल्या शनिवारच्या गाड्या डिसेंबरातच भरतात आणि अनामत भरल्याशिवाय तारीख कुणी धरून ठेवत नाही.