तिच्या नावाची चिठ्ठी

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला आम्ही दरवर्षी नोव्हेंबरअखेर चालत जातो. संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं, त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, म्हणजे नोव्हेनात, पोहोचायचं. बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी आणि शेवटी रायबंदरचा रस्ता असं साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर आहे. या वेळी मी एकच गोष्ट मागायला निघाले होते.

माझी शाळेपासूनची मैत्रीण डायलिसिसवर आहे. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून तोवर मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घातलेला होता. एके दिवशी मशीनवर असतानाच तिला हुडहुडी भरली. थंडी वाजून ताप आला की कॅथेटरमधून रक्तात संसर्ग गेल्याची शंका घ्यायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले, तेव्हा तिने माझी बोटं आपल्या मनगटाजवळ ठेवली. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागत होती. ती थरथर म्हणजे फिस्टुला चालू आहे. ती हिंदू आहे. "तुझ्यासाठी प्रार्थना करू ना?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या सायबाक सांग गो, पण माझा नाव नीट सांग."

पहिल्या दिवशी पत्रादेवीपर्यंत माझी प्रार्थना म्हणजे नुसता सौदा होता. तिला बरं कर, मी दरवर्षी चालत येईन, मेणबत्त्या लावीन. आमच्या गटात जपमाळ सांगणाऱ्या एक वयस्क मावशी आहेत. दुपारी रस्त्याकडेला झाडाखाली टेकलो तेव्हा मी त्यांना हे बोलून दाखवलं. त्यांनी विचारलं, "कफर्णहूमच्या त्या चौघांनी प्रभूला काय कबूल केलं होतं?"

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते चौघे आहेत. गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून त्यांनी छप्पर उसकलं आणि पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट खाली सोडलं. तो आजारी माणूस एक शब्दही बोलत नाही. येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला हाक मारली, असं लिहिलंय. मध्यस्थी म्हणजे तेवढंच, मावशी म्हणाल्या. उचलायचं आणि त्याच्यापुढे ठेवायचं. संतालाही आपण बरं करायला सांगत नाही. बाजेचा एक कोपरा त्याने धरावा, एवढंच मागतो. आणि मोघम मागू नकोस. काय दुखतंय ते सांग, कोण कोण दमलंय ते सांग.

रात्री मुक्कामाला टॉर्चच्या उजेडात मी चिठ्ठी लिहिली. जिथे "मैत्रीण" म्हटलंय तिथे चिठ्ठीत तिचं पूर्ण नाव आहे.

"प्रभू येशू, त्या चौघांनी आपला माणूस तुझ्यापुढे उतरवला, तशी मी माझ्या मैत्रिणीला तुझ्यापुढे ठेवते. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, रक्तात संसर्ग आहे. तिचा ताप उतरू दे. औषध लागू पडू दे. तिच्या हातातली थरथर थांबू देऊ नकोस. तिला बरं कर. मशीनशेजारी उभ्या राहणाऱ्या सिस्टरच्या हाताला यश दे. तिच्या आईला एक रात्र झोप लागू दे. गेथशेमाने बागेत तूही घाबरला होतास, तुझे सोबती झोपले होते. पहाटे ती जागी असते तेव्हा तिच्याजवळ बस. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे तू म्हणालास, पण आधी 'हा प्याला दूर कर' असं मागितलंस. मीही आधी तेच मागते. पुढचं म्हणायचं बळ आज माझ्यात नाही, ते तू दे. संत फ्रान्सिस झेवियर, चीनच्या किनाऱ्याजवळ सांच्वान बेटावर तू तापाने पडला होतास आणि घरापासून दूर तिथेच गेलास. अंथरुणाला खिळणं काय असतं ते तुला ठाऊक आहे. माझ्याबरोबर तिच्यासाठी विनंती कर. आमेन."

'तिला बरं कर' हे तीन शब्द मी दोनदा खोडले होते. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही भीती होती. मावशींनी चिठ्ठी वाचून ते परत लिहायला लावले.

तिसऱ्या दिवशी पहाटे रायबंदरच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि पायांचे फोड फुटलेले. तिथून बॉम जेझू चर्चपर्यंत जपमाळेतली दुःखाची रहस्यं म्हटली. प्रत्येक नमो मरियेनंतर मी तिचं नाव घेत होते, आणि थोड्या वेळाने आजूबाजूच्या बायकाही घ्यायला लागल्या. त्यांच्यापैकी कुणीच तिला पाहिलेलं नव्हतं. मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थना सुरू झाल्या, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" असं सगळा मांडव म्हणत होता, तेव्हा चिठ्ठी माझ्या मुठीत घामाने भिजली होती.

दुपारी तिच्या आईला फोन लावला. ताप शंभरवर आहे, म्हणाल्या, पण सकाळी पेज मागून घेतली. सोमवारी सातला पुढचं डायलिसिस आहे. मी जाणार आहे सोबत.