तापमानाचा विचरण गुणांक मी का काढून देत नाही

"पाऊस मिलिमीटरमध्ये आणि तापमान अंशांत. एककं वेगळी असली की चढउतार ताडून बघायला विचरण गुणांकच वापरायचा ना? मग पावसाचा लगेच काढून देता आणि तापमानाचा द्यायला का अडता?"

तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सगळंच लिहून काढते. तोंडी सांगायला गेले की दुसऱ्या वाक्याला "पण पुस्तकात तर दिलंय" असं येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. पुस्तकात दिलंय हे खरंच आहे. प्रमाण विचलनाला सरासरीने भागलं, म्हणजेच विचरण गुणांक काढला, की एकक निघून जातं, हेही खरं. मी अडते ते त्यानंतरच्या पायरीवर. एकक गेलं म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवायच्या लायकीचे झाले, असं जे गृहीत धरलं जातं, ते मला मान्य नाही.

समजा, एका केंद्रावरचा पाच वर्षांचा पाऊस 900, 500, 1000, 700 आणि 900 मिमी आहे. सरासरी 800, प्रमाण विचलन (चारने भागून) 200, म्हणजे गुणांक 25 टक्के. त्याच केंद्रावर वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान त्या पाच वर्षांत 5, 1, 6, 3 आणि 5 अंश सेल्सिअस आहे. सरासरी 4, प्रमाण विचलन 2, गुणांक 50 टक्के. निष्कर्ष तयार: तापमान पावसाच्या दुप्पट लहरी.

आता तेच पाच आकडे फॅरनहाइटमध्ये मांडा. सरासरी 39.2 होते, प्रमाण विचलन 3.6 आणि गुणांक जेमतेम 9.2 टक्के. आता पाऊस तापमानाच्या पावणेतीन पट लहरी ठरला. हवा तीच, तापमापक तोच, वर्षं तीच. पाऊस मात्र मिलिमीटरऐवजी इंचांत मांडलात तरी 25 टक्क्यांवरून हलत नाही.

कारण शून्यात आहे. पावसाचं शून्य म्हणजे पाऊस नाही. मिलिमीटर असो की इंच, शून्याची जागा एकच. सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्याच्या बिंदूवर ठेवलेलं आहे, फॅरनहाइटचं त्याहून जवळजवळ 18 सेल्सिअस अंश खाली. शून्य कितीही सरकवा, प्रमाण विचलनाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण ते फक्त आकड्यांमधली अंतरं बघतं. सरासरी मात्र शून्याबरोबर सरकते. तुम्ही छेदात ठेवता ती हीच सरासरी. म्हणजे तापमानाच्या गुणांकात अर्धा भाग हवेचा असतो आणि अर्धा, माणसांनी शून्य कुठे मांडलं त्याचा.

सांख्यिकीतज्ज्ञ कार्ल पिअर्सनने 1896 मध्ये हा गुणांक मांडला तो स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांतला फरक तोलायला. लांबी, वजन, सगळ्यांना खरं शून्य. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सने 1946 मध्ये मोजपट्ट्यांची प्रतवारी केली तेव्हा विचरण गुणांक त्याने खरं शून्य असलेल्या पट्टीच्याच रांगेत ठेवला. मी काही स्वतःचा नियम बनवलेला नाही.

मग इतकी अडून का बसते? त्यामागे एक प्रसंग आहे, आणि तो मला अजून बोचतो.

एका प्रकल्पात बऱ्याच हवामान केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. दर तासाला नोंद घेणारी नवी स्वयंचलित उपकरणं थोडीच मिळणार होती, आणि जिथे चढउतार जास्त तिथे ती आधी बसवायची असं ठरलं होतं. विचार अगदी योग्य होता. पाऊस आणि तापमान दोन्हींसाठी एकच मोजमाप हवं म्हणून प्रमुखांनी विचरण गुणांक निवडला. तक्ता माझ्याकडे तपासायला आला. तापमानाच्या यादीत वरच्या जागा थंड, उंचावरच्या केंद्रांनी व्यापल्या होत्या. एका उंच केंद्राचं थंडीतलं प्रमाण विचलन 2 अंश, सरासरी 4. गुणांक 50 टक्के. सखल भागातल्या एका केंद्राचंही प्रमाण विचलन 2 अंशच, पण सरासरी 25; गुणांक 8 टक्के. दोन्हीकडे पारा सारखाच वरखाली होत होता आणि तक्ता सांगत होता की पहिल्याकडे सहापटीहून जास्त.

आणि एक केंद्र असं होतं की त्याची सरासरी शून्याखाली अर्धा अंश होती. प्रमाण विचलन तिथेही 2. भागाकार आला उणे 400 टक्के. यादी उतरत्या क्रमाने लावली होती, म्हणून ते केंद्र तळाशी, सर्वांत स्थिर म्हणून. कुणाला तरी उणे चिन्ह विचित्र वाटलं. त्याने ते काढून टाकलं, आणि तेच केंद्र एका झटक्यात तळातून पहिल्या क्रमांकावर गेलं. मी बैठकीत एवढंच विचारलं, की चिन्ह काढल्याने हवा बदलली का? उत्तर आलं, "सूत्र सगळ्यांना सारखंच लावलंय, मग अन्याय कुणावर झाला?"

मी फॅरनहाइटचा तक्ता मांडला. क्रम सगळा उलटसुलट झालेला सगळ्यांनी पाहिला. तेव्हा बैठकीतले म्हणाले, आपण सेल्सिअसच वापरतो, मग फॅरनहाइटचं काय घेऊन बसलात? हे उत्तर मला आजही छळतं. फॅरनहाइट वापरायचा माझा आग्रह नव्हताच. पट्टी बदलल्यावर जो निष्कर्ष बदलतो तो हवेबद्दलचा निष्कर्ष नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. ते दिसूनही पोहोचलं नाही. यादी तशीच पुढे गेली. दूर आतल्या भागातलं एक केंद्र होतं. सरासरी 25 आणि प्रमाण विचलन 3.5 अंश, त्या सगळ्यांत खरोखर जास्त हलणारं. त्याचा गुणांक 14 टक्के, म्हणून ते खाली राहिलं आणि त्याला उपकरण मिळालं नाही. मी लेखी हरकत नोंदवली होती. त्याहून जास्त काही करता आलं असतं का, हा विचार अजून जात नाही.

तेव्हा "नुसता आकडा काढून द्या, अर्थ आम्ही लावू" असं म्हणता तेव्हा मी का चिडते ते कळलं असेल. आकडा एकटा कधीच राहत नाही. त्याची यादी होते, यादीचा क्रम लागतो.

यावर तुमच्यातले जाणकार म्हणतात, केल्विन घ्या. पूर्वी मीही हेच सांगायचे, आणि ठासून सांगायचे: केल्विनचं शून्य खरं आहे, 273.15 मिळवा आणि खुशाल भागा. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, मग पुढे काय? वरचंच उदाहरण घेतलं तर सरासरी 277.15, प्रमाण विचलन 2, गुणांक 0.72 टक्के. पाऊस तापमानाच्या जवळपास 35 पट चंचल. गणितात खोट नाही. पण पृथ्वीवर कुठेही गेलात तरी छेदात अडीचशे-तीनशेच्या आसपासचा आकडा येणार, म्हणजे पिकासाठी, दवासाठी, गोठण्यासाठी महत्त्वाचे दोन अंश तिथे नेहमीच नगण्य दिसणार. 1 अंश आणि 6 अंश यांतला फरक रोपाला कळतो; केल्विनच्या टक्केवारीला तो जेमतेम 1.8 टक्के वाटतो.

तरीही केल्विन चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हवेची घनता ठरावीक दाबाला निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ज्याला घनतेतला बदल हवाय त्याच्यासाठी 0.72 टक्के हाच नेमका आकडा आहे. त्याच्याशी वाद घालताना मी हरते, आणि शेतीवाल्यांशी बोलताना तोच आकडा मला दाखवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

दुसरी सूचना येते ती प्रमाणित गुणांची: प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, प्रमाण विचलनाने भागा. हे मी आनंदाने करून देते, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या उदाहरणातलं 500 मिमीचं वर्ष सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलन खाली, आणि 1 अंशाचा महिनाही दीड प्रमाण विचलन खाली. म्हणजे दोन्ही आपापल्या जागी सारखेच विरळ. एखादं वर्ष किती वेगळं होतं हे त्यातून कळतं. एकूण जास्त कोण हलतं हे कळत नाही, कारण त्या क्रियेनंतर दोन्हींचं प्रमाण विचलन 1 झालेलं असतं. जे मोजायचं होतं तेच आपण पुसून टाकलेलं असतं.

मग मी देते काय? केंद्रा-केंद्रांतलं तापमान ताडायचं असेल तर प्रमाण विचलन अंशांतच देते. एकक एकच असताना भागायची गरजच नाही. दिवसाचं कमाल आणि किमान यांतला फरक हवा असेल तर त्याचा विचरण गुणांकही देते, कारण फरकाला खरं शून्य असतं: फरक नाही म्हणजे शून्य. सेल्सिअसमधून फॅरनहाइटमध्ये जाताना सगळे फरक 1.8 पट होतात, सरासरीही 1.8 पट, आणि गुणांक जागचा हलत नाही. अडते ती "तापमान" या शब्दावर नाही, हे एवढ्यावरून तरी पटावं.

पावसाचा गुणांकही मी डोळे मिटून देत नाही. कोरड्या महिन्यात पाच वर्षांपैकी चार वर्षं शून्य आणि एका वर्षी 50 मिमी पडला, तर गुणांक 224 टक्के येतो. त्या एका वर्षी 5 मिमी पडला असता तरी 224 टक्केच. पाचच्या वर्गमूळाहून तो वर जाऊच शकत नाही, आणि एकाच वर्षी पाऊस असला की तो तिथेच टेकतो. दहा वर्षांत एकदाच पडला तर 316 टक्के. तो आकडा पावसाबद्दल काही सांगत नाही, तुमच्याकडे किती वर्षांच्या नोंदी आहेत ते सांगतो. अशा महिन्यांसाठी किती वर्षं कोरडी गेली हे मी आधी लिहिते.

आणि पाऊस विरुद्ध तापमान हीच तुलना हवी असेल, तर मला तिसरी गोष्ट सांगा. उत्पादन, धरणातली आवक, विजेची मागणी, काहीही, ज्यावर दोन्हींचा परिणाम होतो. पाऊस एका प्रमाण विचलनाने हलला तर ती गोष्ट किती हलते आणि तापमान एका प्रमाण विचलनाने हलल्यावर किती, हे तिच्याच एककात काढता येतं. त्यातही तापमान आणि पाऊस एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे वाटे नेहमी स्वच्छ वेगळे होत नाहीत. ते काम वेळखाऊ आहे, नोंदी जास्त लागतात, आणि बहुतेकांना इतकं थांबायचं नसतं. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी नोंदी पाठवताना वर्षवार मूळ आकडे पाठवावेत, आधीच काढलेल्या टक्केवाऱ्या नकोत.